तिसरा लेथ की व्हीएमसी?

भोसरीतल्या त्या वर्कशॉपच्या मालकांना तिसरा सीएनसी लेथ घ्यायचा होता. बँकेला द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट कुणीतरी आधीच करून दिला होता, मला फक्त तपासून सही करायची होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: दोन लेथ आहेत, तिसरा आल्यावर महिन्याची क्षमता 9,000 नग. पहिल्या वर्षी 60 टक्के वापर, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. एका नगाची मजुरी 80 रुपये. म्हणजे पहिल्याच वर्षी महिन्याला 5,400 नग आणि 4 लाख 32 हजार रुपये.

हे 60-70-80 मी शेकडो रिपोर्टमध्ये पाहिलेलं आहे. बेकरी असो वा पेपर कपचा कारखाना, आकडे तेच असतात. म्हणून सही करण्याआधी मी शॉपवर गेले.

काम एकाच ग्राहकाचं होतं. कास्ट आयर्नचं हौसिंग, कास्टिंग ग्राहकाचं, मशीनिंग यांचं. आधी लेथवर दोन सेटिंगमध्ये टर्निंग, म्हणजे नग फिरवत गोलाई कापणं. मग व्हीएमसीवर, म्हणजे आपोआप टूल बदलत सपाटी आणि भोकं करणाऱ्या मशीनवर, फेसिंग, सहा होल आणि त्यांत आटे पाडायचं टॅपिंग, मग तपासणी आणि डिस्पॅच. लेथ दोन, व्हीएमसी एक. दोन्ही लेथ जोरात चालू होते. "बघा मॅडम, एक मिनिट उसंत नाही," मालक म्हणाले. "ग्राहक महिन्याला 4,000 मागतोय, आमच्याकडून जातात 2,700. तिसरा लेथ लागणारच."

पण माझं लक्ष भिंतीकडे गेलं. व्हीएमसीच्या मागे क्रेटवर क्रेट रचले होते. सगळ्यात टर्निंग झालेले नग, खालच्या क्रेटमधल्यांवर गंजाची तांबूस झाक आलेली. त्याच वेळी तपासणीच्या टेबलावर मोजून आठ-दहा नग होते आणि तपासणी करणारी मुलगी पुढच्या नगाची वाट पाहत बसली होती. ज्या मशीनच्या आधी माल साठतो आणि नंतर माणूस रिकामा बसतो, ते मशीन सगळ्या कारखान्याचा वेग ठरवतं. इथे ते लेथ नव्हतं.

व्हीएमसीवरचे काका जुने होते. मी विचारलं, "काका, एका नगाला किती वेळ?" त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं, साडेचार मिनिटं. तो आकडा बरोबर होता, पण तो फक्त प्रोग्रॅम चालतो तेवढा वेळ. नंतर दार उघडायचं, हवा मारून चिप्स उडवायच्या, नग काढायचा, नग बसतो ती बैठक पुसायची, दुसरा नग बसवून क्लॅम्प आवळायचे, दार लावायचं. मी घड्याळ लावून एक नग सुरू झाल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंतचा वेळ घेत राहिले. तो सहा मिनिटांच्या आसपास येत होता. हिशेब याच आकड्यावर करायला हवा, स्क्रीनवरच्या नाही.

मग आम्ही ऑफिसात बसलो आणि मी कोऱ्या कागदावर खालून वर मांडत गेले. आठ तासांच्या दोन पाळ्या. प्रत्येक पाळीत जेवण, चहा आणि पाळी बदलताना मिळून तासभर मशीन उभं. राहिली दिवसाची 840 मिनिटं. भागिले सहा, 140 नग. महिन्याचे 25 दिवस धरले तर 3,500. पण टॅप तुटतो, दुसऱ्या जॉबसाठी नग पकडून ठेवणारं फिक्स्चर बदलावं लागतं, वीज जाते, कास्टिंग कडक निघालं की ड्रिल लवकर बोथट होतं. लॉगबुकावरून मशीन उपलब्ध वेळेच्या साधारण 80 टक्केच चालत होतं. म्हणजे 2,800. त्यातून तीनेक टक्के रिजेक्शन वजा केलं की 2,700 आणि थोडे वर.

मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग डिस्पॅचच्या चलनांची फाइल काढून मागचे महिने बघू लागले. दर महिन्याला 2,700च्या आगेमागेच नग गेले होते. 80 रुपयांनी 2 लाख 16 हजार. या हौसिंगची विक्री गेले कित्येक महिने व्हीएमसीच्या मिनिटांनी बांधली गेली होती.

याच रीतीने लेथचं मांडलं. एका नगाला दोन्ही सेटिंग मिळून सात मिनिटं, लेथ दोन. तेवढ्याच पाळ्यांत आणि तेवढ्याच 80 टक्क्यांनी महिन्याला 4,800 नग निघू शकतात. तरीही लेथ उभा दिसला की सुपरवायझरला ओरडा बसायचा, म्हणून लेथ चालूच राहायचे आणि भिंतीशी क्रेट वाढायचे. व्हीएमसीपेक्षा जास्त वेगाने लेथ चालवून विक्री एका रुपयाने वाढत नव्हती. वाढत होता तो अडकलेला माल, तोही ग्राहकाच्या कास्टिंगचा, ज्याचा हिशेब शेवटी यांनाच द्यावा लागणार.

तिसऱ्या लेथचं कोटेशन 18 लाखांचं होतं. साडेतेरा लाख कर्ज, पाच वर्षं, साडेदहा टक्के धरले तर हप्ता सुमारे 29 हजार. तो पहिल्या महिन्यापासून सुरू झाला असता आणि डिस्पॅच 2,700च राहिलं असतं. रिपोर्टमध्ये मात्र 5,400 छापलेले. बँकेला ते कदाचित पटलंही असतं. मला या ठरावीक टक्क्यांचा राग आहे तो यासाठी: टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही. या रिपोर्टमध्ये ते लेथच्या क्षमतेचे होते, आणि माल बाहेर पडत होता व्हीएमसीमधून.

"मग दुसरा व्हीएमसी घेऊ?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण तसं केलं की अडसर लेथवर येणार, आणि 4,800च्या वर माल जाणार नाही. ग्राहक मागतो 4,000. त्यासाठी एवढं मोठं मशीन घेण्याआधी आहे त्याच व्हीएमसीची मिनिटं कुठे जातात ते बघू, असं मी म्हटलं, आणि काकांना आत बोलावलं.

तोडगा काकांनीच सांगितला. दोन-दोन नग बसतील अशा दोन सारख्या फिक्स्चर प्लेट करायच्या. एक मशीनमध्ये चालू असताना दुसरीवर बाहेर नग बसवायचे. मग मशीन थांबेल ते फक्त प्लेट बदलण्यापुरतं, आणि टूलही दोन नगांत मिळून एकदाच बदलेल. माझ्या अंदाजाने एका नगाचा वेळ सहावरून साडेचार मिनिटांवर येत होता. शिवाय जेवण-चहाच्या सुट्ट्या आळीपाळीने द्यायच्या, पाळी बदलतानाही मशीन थांबू द्यायचं नाही आणि बदली माणूस ठेवायचा, म्हणजे व्हीएमसीला दिवसाची 960 मिनिटं मिळतील. हे सगळं धरून आणि 80 टक्के तसेच ठेवून आकडा 4,100च्या आसपास गेला. मी रिपोर्टमध्ये 3,800च लिहिले. नव्या प्लेटवर दोन्ही बैठकींची मापं जुळायला वेळ लागतो, आणि एका बैठकीत चिप अडकली तर तिथला नग रिजेक्ट होतो.

3,800 नग म्हणजे 3 लाख 4 हजार रुपये, आजच्यापेक्षा महिन्याला 88 हजार जास्त. त्यातून बदली माणसाचा पगार, जादा टूल आणि वीज वजा करायची. प्लेट, पिना, क्लॅम्प यांचा खर्च लेथच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकाही होत नव्हता.

सुपरवायझरची अडचण शेवटी निघाली. "मग लेथ उभे राहतील त्याचं काय?" तोपर्यंत मालकांनी स्वतःच कागद पुढे ओढला होता. रोज 160 नगच टर्न करायचे, भिंतीशी दोन दिवसांचा माल झाला की हौसिंगचं टर्निंग थांबवायचं, आणि उरलेल्या वेळात फक्त टर्निंगवर संपणारी कामं घ्यायची. तसा एक बुशचा जॉब शेजारच्या गाळ्यातून येऊ शकत होता. तो पक्का नव्हता, म्हणून त्याचा एक रुपयाही मी विक्रीत धरला नाही.

जुन्या रिपोर्टवर मी सही केली नाही. नव्यात क्षमतेच्या रकान्यात व्हीएमसीची मिनिटं लिहिली, आणि कर्जाची रक्कम प्लेट आणि खेळत्या भांडवलापुरती ठेवली.