मूठभर पेंढा

युवा संमेलनाच्या आयोजकांनी फोनवरच बजावलं होतं, “सर, अपयशावर बोला, पण दहा मिनिटांत उभारीवर या.” मी एका पिशवीत ओला पेंढा घेऊन गेलो. स्वागताला उभ्या असलेल्या मुलाला वाटलं, गाईसाठी आणलाय.

धिंगरी अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, माझं पहिलं पीक साठ पिशव्यांचं होतं. भाताचा पेंढा रात्रभर भिजवला, गरम पाण्यातून काढला, एका पिशवीत पाच किलो पेंढा आणि त्यात शंभर ग्रॅम बियाणं, असं थर देत भरलं. पिशव्यांवर मार्करने आकडे टाकले. कशासाठी, तर पैसे मोजायला सोपं जावं म्हणून.

सहाव्या दिवशी पिशव्यांत पांढरं दिसलं, तेव्हा अळिंबीचा धागा धरला असं समजून मी घरी पेढे वाटले. फसगत इथेच झाली. हिरवी बुरशीही सुरुवातीला पांढरीच असते, रंग नंतर धरते. दहाव्या दिवशी खोलीत आंबूस वास सुटला आणि एकेचाळीस पिशव्या शेवाळ चढल्यासारख्या हिरव्यागार. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त खड्डा खणायला कुदळ दिली. हिरव्या पिशव्या खोलीत फोडायच्या नसतात, नाहीतर बुरशी घरभर उडते, एवढं मला तेव्हा कळलं होतं.

खड्ड्याशी एकेक पिशवी टाकताना आकडे दिसत गेले. एक, दोन, तीन, सात... बहुतेक चाळिशीच्या आतले! शेवटच्या वीसांपैकी जवळजवळ सगळ्या चांगल्या. बियाणं एकच, खोली एकच, हात माझेच. मग लक्षात आलं. सकाळी घाईने भरलेल्या पेंढ्यातून पाणी ठिबकत होतं. दुपारी चहा-जेवणात वेळ गेला आणि तोवर उरलेला पेंढा आपोआप निथळला. काड्यांमधली हवेची जागा पाण्याने भरली की अळिंबीचा धागा गुदमरतो, आणि बुरशीचं फावतं. म्हणजे माझं जे काही वाचलं, ते जेवणाच्या सुट्टीने वाचवलं.

पुढच्या खेपेला साठ नाही, दहाच पिशव्या केल्या. प्रत्येक भरण्याआधी पेंढा मुठीत घट्ट दाबायचा. बोटांतून थेंब पडला तर अजून निथळू द्यायचा. थेंब न पडता तळहात नुसता ओलसर झाला की भरायचा. दहातली एक गेली. का गेली, ते आजही माहीत नाही, आणि त्या एका पिशवीचा मला अजून राग आहे.

भाषणात एवढंच सांगितलं. मग पेंढा पुढच्या रांगेत फिरवला. तिसऱ्या खुर्चीवरच्या मुलीने दाबला, तर पाणी थेट तिच्या पांढऱ्या ओढणीवर. ती दचकली, सभागृह हसलं.

“किती वाजता भरायची पिशवी?” तिने विचारलं.

“जेवण झाल्यावर,” मी म्हटलं.