चढउताराच्या शेतातून मातीचे नमुने घेण्याची आखणी: माझा अनुभव

शेत एकच, पण वरचा माथा मुरमाड, मधला उतार धुपलेला आणि पायथ्याला गाळाची काळी माती. त्यातच डाव्या बाजूला पूर्वी बरीच वर्षं फळबाग होती आणि उजवीकडे धान्य पिकत आलं. मधला बांध मोडून दोन्ही भाग एक केले, तरी मातीत तो इतिहास टिकून असणार हे मी धरूनच चाललो होतो. वर्षानुवर्षं दिलेल्या शेणखतातलं स्फुरद मातीत घट्ट धरलं जातं, ते सहजासहजी वाहून जात नाही.

अशा शेतातून सगळीकडची माती एका घमेल्यात कालवली, तर येणारा आकडा शेतातल्या कुठल्याच भागाचा नसतो. समजा, तिसऱ्या हिश्श्यात स्फुरद किलोमागे ६ मिलिग्रॅम आणि उरलेल्या भागात ३० आहे. सरासरी येईल २२. अहवाल म्हणेल, खताची गरज नाही, आणि तो तिसरा हिस्सा उपाशी राहील.

म्हणून आधी कागदावर शेताचा आराखडा काढला. उताराचे तीन भाग, त्यावर जुन्या बांधाची रेघ, असे सहा तुकडे झाले. नंतर शेतात फिरून हद्दी तपासल्या. माती ओली करून बोटांत चोळली, खडे पाहिले, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहिले. उतारावर ते लगेच फसफसलं, पायथ्याला अजिबात नाही. वरची माती वाहून गेल्यामुळे खालची चुनखडी नांगराच्या थरात आली होती. त्या फसफसण्यावरून उताराची खालची हद्द मी कागदावरच्या रेघेपेक्षा बरीच खाली सरकवली.

फळबागेच्या बाजूचा माथा म्हणजे अगदी चिंचोळी पट्टी होती. तिला वेगळं खत देणं शक्यच नव्हतं. अशी पट्टी शेजारच्या मिश्रणात घालून ते बिघडवण्यापेक्षा नमुन्यातून वगळलेली बरी. राहिले पाच भाग.

प्रत्येक भागात किती ठिकाणी गिरमिट लावायचं? सरासरीतली चूक ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. १६ ठिकाणं घेतली की एका ठिकाणाच्या मानाने ती चौथाईवर येते. तिथून आणखी निम्मी करायची तर ६४ लागतात. मी १६ वर थांबलो. फळबागेत मात्र नागमोडी चाल झाडांच्या जुन्या ओळींना तिरकी छेदेल अशी ठेवली. खत आळ्यांत पडायचं. ओळीने चाललो असतो तर एक तर सगळी आळीच हाती लागली असती किंवा एकही नाही.

खोली सगळीकडे १५ सेंटिमीटर आणि प्रत्येक ठिकाणची माती सारखी. खुरप्याने काढलेला खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होतो, त्यामुळे वरची माती जास्त येते. गिरमिटात ती अडचण नसते. जस्तही तपासायचं होतं, म्हणून बादल्या प्लास्टिकच्या घेतल्या.

मिश्र नमुन्याची एक मोठी मर्यादा असते. तो सरासरी सांगतो, पण त्या भागात आत किती फरक आहे ते लपवतो. म्हणून फळबागेच्या बाजूच्या दोन भागांत, उतारावर आणि पायथ्याला, प्रत्येकी ३२ ठिकाणं घेतली आणि माती आळीपाळीने दोन बादल्यांत टाकली. दोन्ही बादल्या त्याच भागाच्या, त्यामुळे आकडे जवळपास यायला हवेत. उतारावर स्फुरद ९ आणि १० आलं. पायथ्याला १९ आणि ३४!

म्हणजे पायथ्याचा तो भाग एक नव्हता. पुन्हा जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यात माती भुसभुशीत आणि जास्त काळी होती. चौकशी केल्यावर कळलं, तिथे जुना उकिरडा होता. एका बादलीत तिथली माती जास्त गेली होती. ती जागा आराखड्यावर आखून वगळली आणि उरलेल्या पायथ्यातून पुन्हा दोन बादल्या भरल्या. या वेळी आले १७ आणि १९. मग खताचा हिशेब त्यांच्या सरासरीवर, १८ धरून केला. आधीचा एकच नमुना पाठवला असता आणि तो ३४ चा निघाला असता, तर पायथ्याच्या सगळ्या पट्ट्यात स्फुरद भरपूर आहे असं मानून खत बंद केलं असतं.

प्रत्येक मिश्रण सावलीत वाळवून, ढेकळं फोडून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणलं. चालीचा मार्ग, हद्दी आणि नमुने घेतल्याचा महिना आराखड्यावरच लिहून ठेवला आहे. सामू आणि पालाश हंगामाप्रमाणे हलतात, त्यामुळे पुढची तपासणी त्याच महिन्यात आणि त्याच खोलीवर केली तरच आकड्यांची तुलना करता येईल.