पालखीतल्या मुलांचे चेहरे

‘बाई, देवाच्या कार्यक्रमात लपवण्यासारखे काय असते? दिंडीच्या व्हिडिओत आमच्या मुलांचे चेहरे का दिसत नाहीत?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. दरवर्षी आषाढीनंतर मी हसून विषय बदलते आणि घरी येऊन स्वतःवरच चिडते.

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या दिंडीचे चित्रीकरण अनेक वर्षे माझ्याकडे आहे. मीही एकेकाळी तुमच्यासारखेच म्हणत असे. तिसरीतल्या एका मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन विनंती केली होती, की मुलीचा चेहरा कुठे दिसू नये. ती नवऱ्यापासून दूर, दुसऱ्या जिल्ह्यातून माहेरी आली होती आणि आपण कुठे राहतो हे त्याला कळू देत नव्हती. मी शब्द दिला आणि तो पाळला, असे मला वाटले. चित्रफीत यूट्यूबवर चढवल्यावर Editor मध्ये Blur आणि मग Face blur निवडले. यंत्राने सापडलेले चेहरे ओळीने दाखवले, त्यातला तिचा निवडला. ती जनाबाईच्या वेशात होती, डोक्यावर छोटे तुळशीवृंदावन होते. एकदा सगळे पाहिले आणि सार्वजनिक केले.

दहा दिवसांनी शाळा सुटण्याच्या वेळी एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याने शिपाईमामांना मोबाइलवर एक चित्र दाखवले, ते आमच्याच व्हिडिओतून थांबवून घेतलेले होते. फुगडी घालताना ती गर्रकन वळली, वृंदावन सावरायला तिचा हात चेहऱ्यापुढे आला, तेवढ्यात धूसर ठिपका सुटला, आणि हात खाली आल्यावर तो पुन्हा चिकटेपर्यंत जेमतेम दीड सेकंद तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. अशा वेळी चेहऱ्याचा माग काढणारे यंत्र चुकते, कधी कधी तोच चेहरा नवा समजते आणि त्याची निवड पुन्हा करावी लागते. मी पाहताना माझी नजर ठिपक्यावर होती, ठिपका नसलेल्या क्षणावर नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मागून ध्वनिक्षेपकावर माझाच आवाज तिचे पूर्ण नाव, ‘इयत्ता तिसरी ब’ आणि ‘जनाबाईच्या वेशात’ असे सांगत होता, आणि पालखीपुढच्या फलकावर शाळेचे नाव होते.

मुलीला तिच्या मामांनी मागच्या दाराने नेले. त्या दिवशी काही विपरीत घडले नाही, पण दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. दाखला न्यायला आलेली तिची आई एवढेच म्हणाली, ‘बाई, चेहरा झाकलात, पण नाव तुम्हीच सांगितलंत.’

व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी काढून टाकला होता. तोवर तो दोन वर्गांच्या पालक गटांत उतरवून घेतला गेला होता, आणि त्या प्रतींवर माझा काही अधिकार नव्हता.

प्रवेशअर्जावर सही असते ना, असे तुम्ही म्हणाल. जूनमध्ये दहा कागदांवर केलेली ती सही मी पुरेशी मानत होते, ही माझी चूक. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. पण त्या आईने तोंडी जे सांगितले होते ते कोणत्याच रकान्यात बसले नसते. घरच्या आरतीचे काय, हेही विचारता. निव्वळ घरगुती वापर या कायद्याच्या बाहेर आहे, मात्र ‘Unlisted’ ठेवलेला व्हिडिओ दुवा मिळेल त्या कोणालाही दिसतो, हे ध्यानात ठेवा.

आता मी मुलांच्या मागून, कमरेच्या उंचीवरून चित्रण करते: टाळ, पताका, अनवाणी पाय. ज्या मुलांना दाखवायचे नाही त्यांना दिंडीतून वगळत नाही. कॅमेरा वळणार नाही अशा पालखीच्या बाजूला त्यांना उभे करते. चित्रण चालू असताना नावे पुकारत नाही, आणि मूळ आवाज काढून मुलांनी वर्गात म्हटलेला अभंग जोडते. तरी एखादा चेहरा आलाच, तर धूसर ठिपक्यावर न विसंबता पूर्ण अपारदर्शक पट्टी ठेवते. मग एकदा आवाज बंद करून पाहते आणि एकदा पडद्याकडे पाठ करून ऐकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी एकेक चौकट मागेपुढे करता येते. वळणांची जागा मी तशीच तपासते. मुखपृष्ठाचे चित्र वेगळे चढवले, तर आतली पट्टी त्याला लागू होत नाही, म्हणून तेही निराळे पाहते.

यात कोणाचे तरी मन दुखते, हे मी नाकारत नाही. गेल्या वर्षी विठोबा झालेल्या मुलाच्या घरच्यांची संमती होती. तरीही मी त्याचे विटेवरचे पाय आणि कमरेवरचे हातच दाखवले, कारण एकाचा चेहरा दिसला की न दिसणारे कोण ते आपोआप कळते. त्याची आजी शाळेत आली आणि म्हणाली, ‘विठोबाचं तोंड कुठं हाय?’ मी तिला बसवून संगणकावर मूळ चित्रण दाखवले. तिने ते दोनदा पाहिले, पदराने डोळे पुसले आणि विचारले, ‘मग ह्ये मुंबईच्या लेकीला कसं दावू?’ तिच्या लेकीने शाळेत येऊन पाहावे, एवढेच मला सांगता आले, आणि आजीला ते पटले नाही.