आंबोलीच्या धुक्यात काळे पक्षी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आंबोलीला गेलो होतो. घाट चढण्याआधी सावंतवाडीत चहाला थांबलो आणि तिथेच पहिला फोटो मिळाला. माडाच्या झावळीवर एक कावळा घास घेऊन बसला होता आणि समोर पंख थरथरवत, चोच वासून एक काळं पिल्लू.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी ते कावळ्याचं पिल्लू म्हणूनच पाहिलं. शेजारच्या बाकावरचे एक काका डोकावून म्हणाले, "आधी पायाची बोटां बघ."

फोटो मोठा केला. झावळीच्या दांड्यावर पुढून दोनच बोटं दिसत होती. कावळ्याची आणि कोतवालाची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. कोकीळ, पावशा, चातक या सगळ्या कुळाची दोन पुढे, दोन मागे. म्हणजे ते कोकिळेचं पिल्लू होतं.

मोठा नर कोकीळ ओळखायला बोटांची गरज पडत नाही. लालभडक डोळा, फिकट हिरवट चोच आणि लांब शेपूट असली की झालं. डोमकावळाही पूर्ण काळा, पण त्याची चोच जाड आणि काळी. गावकावळ्याची मान तर राखाडीच. पण पिल्लाचा डोळा अजून लाल झालेला नसतो आणि चोचीलाही तो रंग आलेला नसतो, म्हणून नेमके जूनजुलैमधले फोटो फसवतात. अशा वेळी बोटं पाहावीत, शिवाय मानेवर राखाडी छटा आहे का तेही पाहावं. गावकावळ्याच्या पिल्लाला ती असते.

ते पिल्लू काळपट का, याचं उत्तर घरट्यात आहे. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. आपल्याकडे कावळे पावसाच्या तोंडावर घरटी करतात आणि तिची वेळही तीच. मोठी मादी काळी नसते, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यामुळे पानांत ती सहज लपते. (गाणारा पक्षी नर असतो, "कोकिळा गाते" हे आपल्या कवितांनी रूढ केलं.) नर घरट्याजवळ येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी आत शिरते, असं निरीक्षकांनी नोंदवलंय. कावळे कोकिळाचा पाठलाग करतानाचा फोटो मिळाला, तर आसपास घरटं आहे का पाहावं.

कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यांहून काही दिवस आधी फुटतं, म्हणून पिल्लाला घास आधी मिळायला लागतो. युरोपातल्या ककूचं पिल्लू इतर अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तसं करत नाही, त्यामुळे कावळ्याची पिल्लंही सोबत वाढलेली दिसू शकतात. एका फोटोत दोन वेगवेगळी पिल्लं आणि एकच पालक, हे अशक्य नाही.

आंबोलीत मात्र कोडं उलटं झालं. दाट धुक्यात एका वाळक्या फांदीवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसला होता. मी वहीत "कोतवाल" लिहून मोकळा झालो. मग तो ओरडला. पाचसहा शिट्ट्या, प्रत्येक आधीपेक्षा वरच्या सुरात. कोतवाल असं ओरडत नाही.

धुक्यात काळा पक्षी नुसती सावली होतो. एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवून पुन्हा फोटो घेतला, तेव्हा शेपटीच्या खालच्या बाजूला पांढरे आडवे पट्टे दिसले. चोच बारीक आणि किंचित खाली वाकलेली. कोतवालाची चोच दणकट असते आणि तिच्या बुडाशी राठ केस असतात. ज्याला आपण काळा कोतवाल म्हणतो, त्याच्या चोचीच्या कोपऱ्यात बहुधा एक पांढरा ठिपकाही असतो. इथे तो नव्हता. हा ड्रोंगो-ककू, कोतवालासारखा दिसणारा कोकीळकुळातला पक्षी.

पहिला तर्क असा येतो, की कोतवालाच्या घरट्यात अंडी घालता यावीत म्हणून हे सोंग असेल. पण तो अंडी घालतो सातभाईंच्या नात्यातल्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत. मग कोतवालासारखं दिसून काय मिळतं? कोतवाल शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्यालाही हाकलतो, त्याच्या आसपास इतर पक्षी घरटी बांधतात. त्यामुळे शिकारी पक्षी दूर राहत असावेत, किंवा यजमान सावध होत नसावेत, असं अभ्यासकांना वाटतं. पावशाचं अंग शिकऱ्यासारखं असतं, आणि त्याला पाहून लहान पक्षी घाबरतात. एकाच कुळात दोन प्रकारची सोंगं, आणि दोघांचीही पिल्लं वाढतात सातभाईवर्गीयांकडे.

परतताना सावंतवाडीत पुन्हा थांबलो. ते पिल्लू आता दुसऱ्या माडावर होतं, कावळाच त्याला भरवत होता. या वेळी मी आधी पाय टिपले.