वुडस्टॉकच्या पडद्याबाहेर राहिलेले

"सीसीआर वुडस्टॉकला गेलेच नव्हते ना? अख्खा सिनेमा पाहिला, कुठेच दिसले नाहीत!"

वुडस्टॉक या अमेरिकेतल्या १९६९च्या संगीत महोत्सवावरचा सिनेमा नागपुरात दाखवला की हे कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर.

सीसीआर, म्हणजे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा अमेरिकन रॉक बँड, गेला होता. नामवंत बँडपैकी सगळ्यांत आधी करार त्यांनीच केला, १९६९च्या एप्रिलमध्ये. त्या वर्षी 'प्राउड मेरी' आणि 'बॅड मून रायझिंग' ही त्यांची दोन्ही गाणी अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली होती. क्रीडन्स येणार म्हटल्यावर बाकीच्यांना हो म्हणायला धीर आला. त्याच महोत्सवात शनिवारी दुपारी सँटाना हा बँड वाजवून गेला, तेव्हा त्यांचा पहिला अल्बमसुद्धा बाजारात आला नव्हता. आज मात्र वुडस्टॉक म्हटलं की सँटाना आठवतात आणि क्रीडन्स आठवत नाहीत. ही अदलाबदल मार्च १९७०मध्ये लागलेल्या, तीन तासांहून थोड्या मोठ्या सिनेमाने केली.

कॅमेऱ्याचं गणित पाहिलं की निम्मा उलगडा होतो. चित्रण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर झालं. मॅगझिन म्हणजे कॅमेऱ्याला लावायची फिल्मची डबी; चारशे फुटांचं एक मॅगझिन सेकंदाला चोवीस फ्रेमच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटं चालतं, मग ते काढून दुसरं लावावं लागतं. सँटानाचं 'सोल सॅक्रिफाइस' साधारण एका मॅगझिनएवढंच लांब. भर उन्हात कॅमेरे वीस वर्षांच्या मायकेल श्रीव्हच्या ड्रमवर अगदी जवळ गेले आणि संकलकांच्या हाती सलग, उजेडातलं, चेहरे दिसणारं साहित्य आलं. ग्रेटफुल डेड या बँडचं उलट झालं. रात्रीची वेळ, ओलं स्टेज, विजेचा गोंधळ आणि एकच गाणं अर्ध्या तासाच्या वर ताणलेलं. त्यातून सिनेमाजोगा तुकडा काढणार तरी कुठून?

क्रीडन्सचा नंबर या डेडनंतर, मध्यरात्र उलटल्यावर लागला. समोरचे बरेच लोक चिखलात झोपी गेलेले. पण सिनेमात क्रीडन्स नसणं हे अंधारामुळे नाही. त्याला माणूसच कारणीभूत आहे. वाजवणं आपल्या तोलाचं झालं नाही असं बँडचे गायक जॉन फॉगर्टी यांना वाटलं आणि त्यांनी सिनेमाला परवानगीच दिली नाही. रेकॉर्डवरही नको, म्हणजे १९७०च्या तीन तबकड्यांच्या संचातूनही ते गेले. गायक-गिटारवादक नील यंगनेही कॅमेऱ्याला नकार दिला होता. तो वुडस्टॉकला वाजवूनही सिनेमात दिसत नाही. गायिका जॅनिस जॉप्लिन मूळ सिनेमातून वगळली गेली. ती १९९४च्या वाढीव आवृत्तीत परतली, पण तोवर चोवीस वर्षं लोकांनी तिच्याशिवायचं वुडस्टॉक पाठ केलं होतं.

जे सिनेमात आहेत, त्यांचीही आठवण सरळ नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं उदाहरण घ्या. तो सोमवारी सकाळी स्टेजवर आला. तोवर बहुतेक लोक नोकरीधंद्यासाठी घराकडे निघाले होते, उरलेल्यांचा अंदाज तीस-चाळीस हजारांचा. म्हणजे आपलं जामठ्याचं स्टेडियमही पूर्ण भरलं नसतं. तरी बघणाऱ्याच्या मनात हेंड्रिक्स चार लाखांपुढे वाजवतो, कारण तेवढी गर्दी त्याने तीन तास पडद्यावर पाहिलेली असते आणि हेंड्रिक्स येतो शेवटाकडे.

गर्दीचं चित्र त्याच गाण्याच्या वेळचं आहे की दुसरीकडून जोडलेलं, हे घरी तपासता येतं. गाणं चालू असताना चित्र गर्दीवर गेलं की आवाज बंद करा आणि फक्त सावल्या, चिखल आणि आभाळ बघा. स्टेजवर कोरडं ऊन आणि प्रेक्षक पावसाळी पाँचोत गुंडाळलेले असतील, तर तो तुकडा दुसऱ्या वेळचा. एरवीही कट नेमका गाण्याच्या मधोमध गर्दीवर गेला, तर मॅगझिन बदलत असावं असा संशय घ्यायला हरकत नाही, पण तो संशयच. पडदा दोन-तीन भागांत विभागलेला असतो तेव्हा मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, डोळा कुठे कुठे ठेवणार! आणि आवाजावरही डोळे मिटून विश्वास नको. त्या तीन तबकड्यांतलं 'सी ऑफ मॅडनेस' वुडस्टॉकचं नाहीच. ते पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये रेकॉर्ड झालेलं आहे.

क्रीडन्सची काही गाणी २००९च्या चाळिसाव्या वर्षाच्या संचात जादा भाग म्हणून आली आणि २०१९मध्ये त्यांच्या पूर्ण कार्यक्रमाचा अल्बम निघाला. ऐकून पाहा, फॉगर्टींना पटलं नसलं तरी वादन चांगलं घट्ट आहे. त्यांचे बेसवादक स्टू कुक यांचंही हेच मत. आपण वुडस्टॉकच्या मुख्य कलाकारांपैकी होतो हेच लोकांना ठाऊक नसतं, याचं त्यांना इतक्या वर्षांनीही नवल वाटत होतं.