एपिथेलियल सेल्स: प्लेंटी

सांगलीत एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं युरिनच्या टेबलावर आहे. तासगावकडच्या एका गरोदर मुलीचे दोन रिपोर्ट अजून डोक्यातून जात नाहीत. दोन्हींवर सही माझीच आहे.

ती सासूबरोबर आली तेव्हा तिला एकतिसावा आठवडा होता. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडेच लघवी तपासली होती. रिपोर्ट होता अल्ब्युमिन म्हणजे प्रोटीन एक प्लस, शुगर ट्रेस, पस सेल्स १५ ते १८. गावच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं आणि पुन्हा तपासायला पाठवलं.

नव्या सॅम्पलमध्ये पट्टी बुडवली. साठ सेकंदांनी प्रोटीनचा चौकोन पिवळ्याचा हिरवा झालेला, दोन प्लस. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खालचा गाळ काचेवर घेतला. मायक्रोस्कोपखाली फोर्टी एक्सला एका फील्डमध्ये पस सेल्स २० ते २५. म्हणजे औषधाने फरकच नाही. पण त्यांच्याभोवती सगळीकडे मोठ्या, चपट्या, कडा दुमडलेल्या पेशी पसरल्या होत्या. त्या एपिथेलियल सेल्स. त्या इतक्या दिसल्या, की बाहेरच्या त्वचेवरचा आणि अंगावरून जाणारा पांढरा स्राव बाटलीत उतरलाय असं समजायचं. अशा सॅम्पलमधला पस मूत्रमार्गातलाच आहे, असं कुणीच सांगू शकत नाही. प्रोटीनसुद्धा त्या स्रावातलं असू शकतं.

मी जुना रिपोर्ट काढला. त्यातही लिहिलं होतं, एपिथेलियल सेल्स प्लेंटी. मी ते लिहिलं होतं, सही केली होती आणि कागद पुढे सरकवला होता. दुसरं सॅम्पल मागितलं नव्हतं. सकाळी नव्वद बाटल्यांची रांग असते हे खरं. पण बाटली हातात देताना सॅम्पल कसं धरायचं हे आमच्या काउंटरवर कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. आणि रिपोर्टमधला पस सेल्सचा आकडा वाचून त्याच्या खालची ओळ सोडून देणाऱ्या डॉक्टरांचाही येतो.

तिला बाजूला घेतलं. "ताई, नुसत्या पाण्यानं आधी स्वच्छ धुवा. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली बाटलीत धरा, शेवटची नको."

दुसरं सॅम्पल नितळ आलं. एपिथेलियल १ ते २, पस सेल्स २ ते ४. पाचापर्यंत आम्ही नॉर्मल धरतो. पस गेला, पण पट्टीवर प्रोटीन तेवढंच, दोन प्लस.

लघवी अल्कलाइन असली तर पट्टी फसते, म्हणून जुनी उष्णतेची टेस्ट लावली. परीक्षानळी पाऊण भरायची, बुडाशी धरून वरचा भाग ज्योतीवर उकळायचा. खालची लघवी स्वच्छ राहते, त्यामुळे वरचा गढूळपणा लगेच कळतो. मग पातळ ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. फॉस्फेट असेल तर विरघळून नळी साफ होते. इथे ढग तसाच राहिला, उलट दाट झाला. प्रोटीन खरं होतं.

शुगरच्या ट्रेसची मला काळजी नव्हती. एरवी रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरते. गरोदरपणात हा उंबरठा खाली येतो. शिवाय ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत तिची साखर ११८ आली होती, मर्यादा १४० ची.

"मावशी, हिचं डोकं दुखतं का?"

"दोन रात्री झोप न्हाई बघा. डोळ्यापुढं काजवं येत्यात म्हणती. बांगड्या तर हातातनं निघंनात."

रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना गाठलं. त्यांनी तिथेच बीपी घेतलं, १५६/१०४. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० च्या वर बीपी आणि त्यासोबत लघवीत प्रोटीन, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. यात झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. मॅडमनी गावच्या डॉक्टरांना फोन केला, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि लिव्हरसाठी रक्त घेतलं आणि तासाभरात तिला मिरजेला पाठवलं. चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी झाली, लहानखुरी पण ठीक. दीड महिन्याने तपासलेल्या लघवीत अल्ब्युमिन निल होतं.

आता एपिथेलियल प्लेंटी दिसल्या, की मी त्या सॅम्पलचा रिपोर्ट देत नाही, दुसरं मागते. लोक चिडतात, तासभर थांबावं लागतं म्हणून.

पण पहिल्या वेळचं ते एक प्लस स्रावातलं होतं की किडनीतलं, हे आता कळायला मार्ग नाही. मिरजेला पाठवताना तिचं तपासणीचं कार्ड मी पाहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या तारखेसमोर बीपीचा रकाना कोरा होता.