मुलाचा व्हिडिओ डॉक्टरांना पाठवताना सोबत काय लिहिलं

आमचा मुलगा तेव्हा १६ महिन्यांचा होता. खेळताना सगळं उजव्या हातानेच करायचा. घरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट "लवकर कळलं, उजवा हात चालवणारा आहे" असं कौतुकच व्हायचं. लसीच्या वेळी मी सहज बोलले, तर आमच्या बालरोगतज्ज्ञ थबकल्या. मूल कोणत्या हाताचं आहे हे साधारण दीड-दोन वर्षांनंतर हळूहळू ठरत जातं. त्याआधी मुलं दोन्ही हात आलटून पालटून वापरतात. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल, तर तो हात पटाईत आहे की दुसरा हात मागे पडतोय, हे बघावं लागतं.

पण बघणार कसं? दवाखान्यात पोरगं माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून बसलेलं. त्या म्हणाल्या, घरी रमून खेळत असताना दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आणि त्यात काय दिसतंय ते स्वतः लिहून पाठवा. मला वाटलं, व्हिडिओ आहे तर लिहायचं कशाला? त्यांनी सांगितलं की व्हिडिओत ठोकळा दिसतो, पण तो तुम्ही मुलाच्या कोणत्या बाजूला ठेवलात, तो झोपेतून नुकता उठलाय का, हे रोजचं आहे की आजचंच, हे दिसत नाही.

चित्रीकरणाचं थोडक्यात सांगते. फोन हातात न धरता मुलाच्या छातीच्या उंचीवर टेकवून आडवा ठेवला. उभ्या व्हिडिओत दोन पावलं टाकली की मूल चौकटीबाहेर जातं. अंगात बिनबाह्यांचा सदरा, आखूड चड्डी आणि पाय उघडे, म्हणजे कोपर, गुडघे आणि टाचा दिसतील. खिडकी फोनच्या मागे, मुलाच्या मागे नाही, नाहीतर मुलाची नुसती काळी आकृती येते. सेल्फीचा कॅमेरा मुद्दाम टाळला, कारण काही फोनमध्ये त्यातला व्हिडिओ आरशासारखा उलटा साठवला जातो. डावं-उजवं हाच जिथे प्रश्न आहे, तिथे एवढा एक घोळ पुरे होतो. तरीही खात्रीसाठी सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर पुढून-मागून रंगीत चिकटपट्टी लावली. मनगटावर लावली असती तर तो तीच ओरबाडत बसला असता.

खरी कसोटी लिहिण्यात होती. माझं पहिलं वाक्य होतं, "डावा हात कमजोर वाटतो, फारसा वापरत नाही." नवऱ्याने वाचून विचारलं, "हे तुला दिसलं, की तू ठरवलंस?" बरोबर होतं त्याचं. "कमजोर" हा निष्कर्ष झाला, आणि तो काढणं डॉक्टरांचं काम. मग ठरवलं, व्हिडिओची वेळ लिहायची, वस्तू कुठे होती ते लिहायचं, आणि हाताने काय केलं ते लिहायचं. चौथं काही नाही. शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

"वय १६ महिने, पूर्ण दिवसांचा जन्म. चालायला लागून महिना-दीड महिना झाला. दुपारची झोप आणि खाणं झाल्यावरचा व्हिडिओ. डाव्या खांद्यावर पट्टी आहे.

०:०५ – जमिनीवर बसलाय. ठोकळा बरोबर मधोमध ठेवला. उजव्या हाताने उचलला. डावा हात मांडीवर, मूठ अर्धवट मिटलेली, अंगठा मुठीच्या आत.

०:२२ – ठोकळा डाव्या गुडघ्याच्या बाहेर ठेवला. कंबरेतून वळून उजवा हातच पलीकडे नेला. डावा हात जवळ होता, पण पुढे आला नाही.

०:४० – झाकणाचा डबा दिला. उजव्या हाताने झाकण ओढतो, डाव्या मनगटाने डबा पोटाशी दाबून धरतो. डाव्या हाताची बोटं डब्याभोवती गुंडाळत नाही.

१:१० – माझ्याकडून बाबाकडे चालत जातो. उजवा हात सैल, डावा कोपरात वाकलेला. डाव्या पायाची टाच काही पावलांना टेकत नाही.

रोज असंच दिसतं. दमल्यावर डावी मूठ जास्त घट्ट होते. पूर्वी येणारी कुठली गोष्ट आता येईनाशी झालेली नाही."

शेवटची ओळ डॉक्टरांनी आधीच मागून ठेवली होती. येत असलेली गोष्ट मूल विसरत असेल, तर ते प्रकरण वेगळं आणि घाईचं. आणि हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर व्हिडिओ काढत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं, हेही त्यांनी बजावलं होतं.

मधोमध ठेवलेला ठोकळा उजव्या हाताने उचलला, यातून फार काही कळत नाही, कोणीही सोयीच्या हाताने उचलेल. डाव्या बाजूच्या ठोकळ्यासाठी सगळं अंग वळवून उजवा हात नेणं, हे मात्र बोलकं. म्हणून वस्तूची जागा लिहायचीच. डब्याचंही तसंच. "दोन्ही हातांनी डबा उघडतो" असं मी लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, पण डावा हात पकडतोय की नुसता टेकू देतोय हे त्यात बुडून गेलं असतं.

व्हिडिओत बोलायचं नाही, शिकवायचं नाही, हे पाळणं घरच्यांना सर्वात जड गेलं. "त्या हाताने घे ना बाळा" असं कोणी म्हटलं आणि हात धरून पुढे केला, की तो तुकडा फुकट. कापाकापी, संगीत, वेग वाढवणं तर सोडाच. आणि पाठवायचं कुठे, हे आधी विचारून घेतलं. उघड्या हातापायांच्या लेकराचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला नको. शिवाय चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बोटं धूसर होतात, म्हणून फाइल म्हणून पाठवला.

डॉक्टरांनी पाहून आणखी एक छोटा तुकडा मागितला. उजव्या हातात आवडतं खेळणं द्यायचं आणि ते हातात असतानाच दुसरं समोर धरायचं. त्यात त्याने उजव्या हातातलं खाली टाकलं आणि त्याच हाताने दुसरं घेतलं. एकदा मात्र डावा हात पुढे आला, मूठ उघडली, पण सगळी बोटं एकदम फाकून, आणि खेळण्याला नुसता धक्का बसला. हेही तसंच लिहिलं. डावा हात पुढे आला याचा आनंद झाला होता, पण तो मजकुरात घातला नाही.

मग तपासणीला बोलावलं. व्हिडिओवरून निदान होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्नायू किती ताठ आहेत ते हाताने हलवूनच कळतं. घोटा हळू वाकवला तेव्हा सहज वाकला, पटकन वाकवला तेव्हा मध्येच अडला. डाव्या बाजूच्या स्नायूंमध्ये ताठरपणा आहे, असं म्हणून त्यांनी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. कारण शोधायला मेंदूचा एमआरआय लागेल, पण हाताचे व्यायाम त्यासाठी अडवून ठेवायचे नाहीत, म्हणून फिजिओथेरपी लगेच सुरू झाली.

थेरपिस्टने पहिल्याच भेटीत तो मजकूर मागून घेतला. आता दर काही आठवड्यांनी तेच ठोकळे, तोच डबा, फोन त्याच जागी ठेवून नवा व्हिडिओ काढते आणि खाली त्याच क्रमाने लिहिते. गेल्या वेळी ०:४० च्या जागी लिहिलं, "डाव्या हाताची तीन बोटं डब्याच्या कडेवर, अंगठा बाहेर."